डीजेनंतर एकाच कानात शिट्टी वाजतेय? किती थांबायचं आणि कधी दवाखाना गाठायचा

हैदराबाद : गणेश विसर्जनाची रात्र, टँक बंडकडे जाणारी मिरवणूक, आणि रस्त्याच्या कडेला ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकली की एका कानात बारीक शिट्टी सुरू होते. कुणाला ती रातकिड्यासारखी वाटते, कुणाला कुकरची वाफ निघाल्यासारखी, तर कुणाला जुन्या टीव्हीच्या ‘कुंई’सारखी. दुसरा कान मात्र ठणठणीत असतो. लग्नाच्या वरातीत मर्फा अगदी जवळ वाजला, दिवाळीत सुतळी बॉम्ब कानाशेजारी फुटला किंवा सदरच्या मिरवणुकीत दोन तास ढोलांच्या मध्ये उभं राहिलं, तरी हाच अनुभव येतो. नांदेड, देगलूर, बिदर, आदिलाबादकडून नोकरी-धंद्यासाठी हैदराबादेत राहणाऱ्यांना यातलं काही नवं नाही. ‘कान वाजतोय, सकाळी थांबेल’ असं म्हणून माणूस झोपतो, आणि बहुतेक वेळा सकाळी नाही तर परवापर्यंत ते थांबतंही.

पण काही जणांचं थांबत नाही. थांबणारा आवाज कोणता आणि न थांबणारा कोणता, हे पहिल्या रात्री आवाजावरून ओळखता येत नाही. दोन्हीकडची शिट्टी सारखीच असते. फरक कळतो तो दोन गोष्टींवरून : त्या कानाला ऐकू किती येतंय, आणि किती तास उलटले.

या आवाजाला वैद्यकीय भाषेत टिनिटस आणि मराठीत कर्णनाद म्हणतात. तो स्वतः काही रोग नाही, खूण आहे. खूण कशाची, हे कळायला कानाच्या आत थोडं डोकवावं लागतं.

कानाच्या पडद्यामागे तीन इवलीशी हाडं असतात, आणि त्यांच्या पलीकडे गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली नळी. या शंखात केसपेशी असतात. त्यांच्या टोकाला अगदी सूक्ष्म केस असतात. आवाजाच्या लाटेने ते हलतात आणि त्यांच्या हलण्याचं रूपांतर विजेच्या संकेतात होऊन ते मेंदूकडे जातं. एका कानात अशा साधारण पंधरा हजार पेशी असतात. जन्मतः मिळतात तेवढ्याच. त्वचेसारख्या त्या पुन्हा उगवत नाहीत.

मोठ्या आवाजात या पेशी थकतात. त्यांचे केस ताठपणा सोडतात, उभ्या पिकावरून वारा गेल्यावर धाटं लवावीत तसे. पेशी जिवंत असली तर काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत केस पुन्हा ताठ होतात. तोपर्यंत कानात दडे बसल्यासारखं वाटतं, लोकांचं बोलणं उशीतून आल्यासारखं येतं आणि शिट्टी वाजते. हा तात्पुरता कर्णनाद. पेशी मेलीच, तर तिच्या वाट्याचा आवाज मेंदूकडे कायमचा जायचा थांबतो. मग मेंदू काय करतो? रेडिओचं स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाज वाढवतो आणि खरखर वाढते, तसंच तिथे होतं. येत नसलेला संकेत शोधायला मेंदू त्या पट्टीतली संवेदना वाढवतो आणि स्वतःचीच खरखर ऐकू लागतो. म्हणूनच कायमची शिट्टी बहुधा बारीक, उंच पट्टीतली असते. आवाजाने सगळ्यात आधी मरतात त्या उंच पट्टीच्या पेशीच.

आता प्रश्न उरतो, एकाच कानात का? आवाज तर दोन्ही कानांवर पडला.

इथे आपलं डोकंच आडोसा होतं. डीजेचा बेस, तो छातीत धडधडणारा आवाज, डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानापर्यंत जवळजवळ तेवढ्याच जोराने पोचतो. पण उंच पट्टीचा आवाज सरळ रेषेत जातो आणि डोक्याला अडतो. म्हणून स्पीकरकडे ज्याची उजवी बाजू होती, त्याचा उजवा कान मार खातो आणि डाव्याला डोक्याची सावली मिळते. फटाक्याच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसतं. त्यामुळे ‘शिट्टी वाजते तो कान त्या रात्री कोणत्या दिशेला होता?’ हा प्रश्न स्वतःला विचारून बघावा. दिशा जुळली, तर आवाजाने झालेली इजा हे कारण बसतं. दिशा जुळत नसेल, म्हणजे स्पीकर डावीकडे होता आणि कान उजवा गेला, तर डीजेवर खापर फोडून मोकळं होऊ नये. कारण दुसरंच असू शकतं. त्याबद्दल पुढे.

एक उदाहरण तपशिलात घेऊ. समजा, देगलूरकडचा तिशीतला तरुण, हैदराबादेत एका गोदामात कामाला. विसर्जनाला तो डीजेच्या ट्रकशेजारी, स्पीकरला उजवी बाजू देऊन चाळीस मिनिटं नाचला. तिथे आवाज १०६ डेसिबल होता असं धरू. एवढ्या जवळ तो सहज असतो. कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेने घालून दिलेला हिशोब असा : ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. याच हिशोबाने १०६ ला पावणेचार मिनिटं येतात. आपल्या गड्याने चाळीस मिनिटं काढली. म्हणजे दिवसभराचा कोटा एका नाचात दहापटीहून जास्त. डेसिबलचा आकडा थोडाच वाढलेला दिसतो, पण कानावरचा भार दर तीन डेसिबलला दुप्पट होतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

रात्री अकरा वाजता तो खोलीवर आला. उजवा कान गच्च, शिट्टी सुरू. या घडीला त्याने करायचं ते एवढंच : कानाला शांतता द्यायची. हेडफोन नाही, दुसऱ्या दिवशीची मिरवणूक नाही. थकलेल्या पेशीवर पुन्हा मारा झाला तर सावरणारी पेशीही जाते. आणि कानात काही घालायचं नाही. लसूण घालून कोमट केलेलं तेल हा आपल्याकडचा ठरलेला उपाय, पण तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं. इजा आत शंखात आहे, तिथपर्यंत ते पोचतच नाही. फटाक्याने पडदा फाटला असेल तर मात्र तेच तेल मधल्या कानात उतरून पू करतं. फटाक्यानंतर कानात कळ आली, थोडं रक्त दिसलं किंवा नाक शिंकरताना कानातून हवा फुसकन गेल्यासारखी वाटली, तर पडदा फाटल्याचा संशय घ्यावा, कान कोरडा ठेवावा आणि डॉक्टरला दाखवावं. असे छोटे फाटे बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतात.

सकाळी उठल्यावर त्याने दोन सोप्या तपासण्या कराव्यात. पहिली फोनची. एकाच माणसाशी बोलताना फोन आधी डाव्या कानाला, मग उजव्या कानाला लावायचा. उजव्या कानात आवाज बारीक येतो का, फाटका येतो का, शब्द कळतात का, ते बघायचं. दुसरी गुणगुणण्याची. तोंड मिटून खालच्या पट्टीत ‘म्‌म्‌म्’ असा सूर धरायचा आणि तो डोक्यात कुठे ऐकू येतो ते पाहायचं. मधोमध आला तर दोन्ही कान साधारण सारखे. कानात मळ अडकला असेल किंवा पडदा फाटला असेल, तर सूर त्या खराब कानातच मोठा येतो. विचित्र वाटेल, पण बोटाने एक कान बंद करून गुणगुणलं की हे लगेच पटतं. उलट, सूर चांगल्या कानाकडे सरकला, म्हणजे उजवा कान बधिर आणि सूर डावीकडे, तर इजा आतली, शंखाची किंवा नसेची आहे असा संशय घ्यायला जागा आहे. डॉक्टर चिमट्यासारखा दिसणारा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून हेच तपासतात. घरची तपासणी त्याची जागा घेत नाही, पण घाई करायची की नाही हे त्यावरून ठरवता येतं.

आता पुढचे दोन रस्ते. पहिल्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिट्टी मंद झाली, दडे सुटले, फोन दोन्ही कानांत सारखा. तिसऱ्या दिवशी त्याला आठवावं लागलं की कोणता कान वाजत होता. बहुसंख्य लोक याच रस्त्याने जातात.

यातही एक मेख आहे. अमेरिकेतल्या कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठा आवाज ऐकवल्यावर उंदरांची श्रवणशक्ती काही दिवसांत चाचणीपुरती पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत होत्या. पण पेशी आणि नस यांच्यामधले सांधे बऱ्याच ठिकाणी कायमचे तुटलेले निघाले. माणसात हे किती प्रमाणात होतं यावर अजून वाद आहे, कारण जिवंत माणसाचा शंख उघडून बघता येत नाही. पण गलक्यात बोलणं समजत नाही आणि चाचणी मात्र नॉर्मल, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या लोकांचं कोडं यातून काही अंशी उलगडतं. तेव्हा शिट्टी थांबली म्हणजे हिशोब शून्यावर आला, असं छातीठोकपणे कुणी सांगू नये.

दुसऱ्या रस्त्यावर अठ्ठेचाळीस तास झाले तरी कान गच्चच, शिट्टी तशीच, फोनवर उजव्या कानाने शब्द तुटतात. इथे मात्र ‘आठवडाभर बघू’ चालत नाही. दोन दिवस ही थांबण्याची कमाल मुदत झाली. एका कानाला ऐकू येणं स्पष्ट कमी झालं असेल तर तेवढंही न थांबता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. चक्कर येत असेल, तोल जात असेल, चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी वाटत असेल, तर रात्र-दिवस न बघता इमर्जन्सीत जायचं.

घाई कशासाठी, तर एका कानाला अचानक बहिरेपण येण्याचा वेगळाच एक आजार आहे. त्यात तीन दिवसांच्या आत, कित्येकदा रात्रीतून, एका कानाची ऐकण्याची ताकद जाते आणि शिट्टी सुरू होते. बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. आवाजाशी त्याचा संबंध असतोच असं नाही. पण तो नेमका मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी आला, तर घरातले सगळे डीजेला शिव्या देतात आणि दहा-बारा दिवस वाट बघतात. या आजारात स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून इंजेक्शन देतात, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तरच फायद्याची आशा धरता येते. नंतर ती झपाट्याने घटते. शुद्ध आवाजाने झालेल्या इजेत स्टेरॉइडचा पुरावा तेवढा भक्कम नाही, तरी ऐकू कमी आलं असेल तर डॉक्टर तो विचार करतात, आणि तोही लवकरच. या गोळ्या साखर वाढवतात. मधुमेह असलेल्याने ते आधीच सांगावं आणि दुकानातून परस्पर आणून खाऊ नयेत.

निदान होतं ऑडिओमेट्रीवर, म्हणजे श्रवणचाचणीवर. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, निरनिराळ्या पट्ट्यांचे बारीक आवाज देतात, ऐकू आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासाचं काम. त्याचा आलेख वाचता येणं रुग्णालाही उपयोगी आहे. आडव्या रेषेवर पट्टी, डावीकडे खर्ज आणि उजवीकडे उंच. उभ्या रेषेवर डेसिबल, आणि रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. आपल्या तरुणाचा उजव्या कानाचा आलेख असा आला समजू : ५०० हर्ट्झला १५, १००० ला १५, २००० ला २०, ४००० ला ५०, आणि ८००० ला परत वर येऊन ३०. डावा कान सगळीकडे १५ च्या आत. ४००० जवळचा हा खड्डा म्हणजे आवाजाच्या इजेची सही. कानाची नळी स्वतःच या आसपासच्या पट्टीला जोर देते, म्हणून घाव तिथे पडतो. त्याला समोरासमोर बोलणं ऐकू येईल, पण स, श, फ, च हे वर्ण निसटतील आणि ‘सात’ की ‘चार’ असा घोळ होईल. आलेखात खड्डा नसून ५०० पासून ४००० पर्यंत रेघ सरसकट ६० वर उतरली असती, तर डीजे नव्हे, अचानक बहिरेपणाच डोक्यात धरून डॉक्टरने उपचार सुरू केले असते. रात्र तीच, शिट्टी तीच, पण आलेख वेगळे आणि वाटाही वेगळ्या.

अचानक बहिरेपण निघालं, किंवा पुढेही एकाच कानाची शिट्टी राहिली आणि दोन कानांच्या आलेखात तफावत दिसली, तर डॉक्टर एमआरआय सांगतात. ऐकण्याच्या नसेवर क्वचित एक साधी, कर्करोग नसलेली गाठ होते, ती नाही ना हे बघायला. ती फार थोड्यांतच निघते, घाबरायचं कारण नाही, पण टाळूही नये. शिट्टीऐवजी नाडीच्या ठोक्याबरोबर ‘धप-धप’ येत असेल तर तो प्रकार निराळा, रक्तवाहिनीकडे बोट दाखवणारा. तो वेगळा तपासावा लागतो.

दाखवायचं कुठे? हैदराबादेत कोठीला खास कान-नाक-घशाचं सरकारी रुग्णालय आहे. सीमाभागातल्यांना त्यासाठी हैदराबादेत येण्याची गरज नाही. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, बिदरला ब्रिम्स, आदिलाबादला रिम्स, या ठिकाणी हा विभाग असतो. निघण्याआधी श्रवणचाचणी त्या दिवशी होते का, तेवढं विचारून घ्यावं. डॉक्टरला तीन गोष्टी सांगायच्या : आवाज कशाचा होता आणि किती वेळ, कान कोणत्या बाजूला होता, आणि पहिल्यांदा ऐकू कमी आल्याचा दिवस व वेळ. ‘कान वाजतो’ एवढंच सांगितलं तर गर्दीच्या ओपीडीत मळाचं औषध मिळून घरी येण्याची शक्यता राहते. ‘सोमवारी रात्रीपासून उजव्या कानाने ऐकू येत नाही’ असं म्हटलं की काम हलतं.

तीन महिने उलटले आणि शिट्टी राहिली, तर ती दीर्घकाळाची धरायला सुरुवात करतात. काही ठिकाणी सहा महिन्यांची मर्यादा मानतात. यापुढे ती पूर्ण बंद करणारं औषध आज नाही, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. गिंको, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शनात नाकारली आहे. पण शिट्टी राहणं आणि शिट्टीचा त्रास राहणं या दोन गोष्टी आहेत. मेंदू तिला धोक्याची घंटा समजतो तोवर ती छळते. निरर्थक समजू लागला की भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीसारखी मागे पडते, आणि बहुतेकांचं महिन्यांच्या ओघात असंच होतं. त्याला मदत करणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. ठार शांत खोलीत झोपू नये, पंख्याची किंवा पावसाच्या रेकॉर्डिंगची हलकी घरघर ठेवावी. शिट्टी बुडवण्याइतका आवाज करायचा नाही, तिच्या जोडीला दुसरं काही ऐकू येईल एवढाच. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत येतात आणि मेंदूची शोधाशोध कमी होते. झोप उडाली असेल, सतत तिकडेच लक्ष जात असेल, तर विचारांची सवय बदलणारी समुपदेशनाची पद्धत, जिला सीबीटी म्हणतात, तिचा पुरावा सगळ्यात चांगला आहे.

कायद्याने कान वाचतात का, हाही प्रश्न लोक विचारतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ती महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक सगळीकडे सारखी. ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला हैदराबाद शहर पोलिसांनी धार्मिक मिरवणुकांत डीजे आणि फटाक्यांवर बंदीच घातली. पण हे आकडे शेजारच्या घरात झोपलेल्यांचा विचार करून ठरवलेले आहेत. ट्रकला खेटून नाचणाऱ्याच्या कानापाशी किती डेसिबल पोचतात, ते कुणी मोजत नाही. त्याला स्वतःच मागे सरकावं लागतं. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे वरच्या हिशोबाने वेळ चौपट मिळतो. अरुंद गल्लीत भिंतींवरून आवाज परततो, तिथे एवढा फायदा होत नाही.

ढोल पथकातले, बँडवाले, डीजेच्या ट्रकवरची पोरं यांना मागे सरकता येत नाही. त्यांच्यासाठी फोमचे बोळे आहेत, मेडिकलमध्ये किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे. कापसाच्या बोळ्याने फारसं काही अडत नाही. फोमचा बोळाही नुसता कानाच्या तोंडाशी खोचला तर तोच प्रकार. तो बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, मग बोळा आत सारून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला असेल तर स्वतःचं बोलणं रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं घुमतं. तसं घुमलं नाही, तर काढून पुन्हा घालायचा.